तीन सेकंदांचा हिशेब

गाडीच्या नव्या मॉडेलचं परीक्षण वाचा किंवा व्हिडिओवर बघा, ‘स्टॉप अँड गो’ अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलचा विषय निघाला की एक तक्रार ठरलेली असते. पुढची गाडी थांबली तर आपली गाडी आपोआप थांबते, ती लगेच हलली तर आपलीही हलते. पण थांबा तीन सेकंदांपेक्षा लांबला की गाडी जागची हलत नाही. डॅशबोर्डवर सूचना येते आणि चालकाला बटण दाबावं लागतं किंवा अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावावा लागतो. यावर परीक्षकाचा शेरा असा, की अमुक जर्मन गाडी तीस सेकंद थांबूनही स्वतः निघते, तमुक तर मिनिटभराने निघते आणि आपल्याकडच्या गाड्या तीन सेकंदांतच हात टेकतात. तीन म्हणजे स्वस्त, तीस म्हणजे प्रगत, साठ म्हणजे सर्वोत्तम, अशी उतरंड आता वाचकांच्या मनात पक्की बसली आहे. गाडी घेणारे शोरूममध्ये हाच प्रश्न विचारतात आणि विक्रेतेही याच आकड्याने उत्तर देतात.

ही उतरंड चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. सेकंदांचा आकडा यंत्राची ताकद मोजत नाही. समोरच्या जागेबद्दल आणि चालकाबद्दल यंत्राला असलेली माहिती किती वेळ विश्वासार्ह मानायची, हे तो आकडा सांगतो. हे ध्यानात न घेता आकडा वाढवून मागणं धोक्याचं आहे, आणि आपल्या रस्त्यांवर तर फारच.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. आक्षेप घेणारे तीन गोष्टी म्हणतात. पहिली, तीन सेकंदांची मर्यादा ही स्वस्त सामग्रीमुळे येते. चांगले ब्रेक, चांगला रडार बसवला तर ती उरणार नाही. दुसरी, महागड्या गाड्या तीस किंवा साठ सेकंद देतात, त्याअर्थी ते शक्य आहे आणि बाकीचे कंजुषी करतात. तिसरी, दर थांब्याला बटण दाबायचं असेल तर ही सोय असून नसल्यासारखी आहे.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. गाडी थांबवून धरण्याची क्षमता आणि पुन्हा निघण्याची परवानगी, ही दोन वेगळी घड्याळं आहेत, आणि सगळा गोंधळ त्यांची गल्लत केल्यामुळे होतो. क्रूझ कंट्रोलने गाडी थांबवली की तिला जागेवर धरून ठेवतं ते ब्रेकमधल्या द्रवाचं दडपण. गाडी घसरू नये म्हणून जी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणा असते, तिच्याच झडपा बंद राहून हे दडपण टिकवतात. झडपा बंद ठेवायला विजेचा प्रवाह लागतो, प्रवाहाने त्या तापतात, म्हणून हे काम अमर्याद वेळ चालू ठेवता येत नाही. ठरावीक वेळानंतर गाडी ते काम इलेक्ट्रॉनिक हँडब्रेककडे सोपवते आणि क्रूझ कंट्रोल रद्द करते. ह्युंदाईच्या आणि व्होल्व्होच्या माहितीपुस्तिकांत ही वेळ पाच मिनिटं दिलेली आहे. म्हणजे जी गाडी तीन सेकंदांनंतर आपणहून निघत नाही, तीच पाच मिनिटं उतारावरसुद्धा स्वतःला धरून ठेवते. थांबण्याची ताकद कमी पडली म्हणून तीन सेकंद, हे म्हणणं इथेच संपतं. मिनिटांचं घड्याळ ब्रेकचं आहे, सेकंदांचं घड्याळ वेगळ्याच कशाचं तरी आहे.

ते कशाचं, याचा पुरावा दुसऱ्या मुद्द्याच्या पोटात दडलेला आहे. ह्युंदाईच्याच गाड्या घ्या. साधा स्मार्ट क्रूझ कंट्रोल चालू असताना थांबा साधारण तीन सेकंदांपलीकडे गेला की पडद्यावर "Use switch or pedal to accelerate" अशी सूचना येते. पण ज्या देशांत ही कंपनी नकाशाशी जोडलेला हायवे ड्रायव्हिंग असिस्ट देते, तिथे तो चालू असेल तर हीच मर्यादा सुमारे तीस सेकंदांची होते. गाडी तीच, रडार तोच, कॅमेरा तोच, ब्रेकही तेच. बदलला तो रस्ता. नकाशाने गाडीला सांगितलं, की तू प्रवेश नियंत्रित असलेल्या महामार्गावर आहेस. इथे सिग्नल नाही, पादचाऱ्यांना ओलांडायची पट्टी नाही, मधूनच कुणी शिरण्याची शक्यता कमी आहे. एवढ्या एका माहितीवर तिनाचे तीस झाले. मर्यादा सामग्रीच्या दर्जाची असती तर रस्ता बदलल्याने ती बदलली नसती.

मर्सिडीजचं उदाहरणही लोक अर्धवट सांगतात. 2018 मध्ये आलेल्या जीएलईबरोबर कंपनीने कोंडीत चालणारी जी सोय जाहीर केली, तिच्यात गाडी थांबल्यावर मिनिटभरापर्यंत आपोआप निघू शकते, हे खरं आहे. पण ती सोय साधारण ताशी साठ किलोमीटरच्या आतल्या कोंडीसाठी आहे, लेनच्या खुणा दिसत असताना वापरायची आहे, आणि महामार्गावरची रांग डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. बीएमडब्ल्यूने त्याच सुमारास कोंडीत हात सोडून बसता येईल अशी सोय दिली, तेव्हा चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा तिच्यात अनिवार्य होता. त्याआधी 2017 मध्ये कॅडिलॅकच्या सुपर क्रूझने हाच मार्ग धरला होता; तिथेही ठरावीक महामार्गांचा नकाशा आणि चालकाकडे बघणारा कॅमेरा या दोन अटी होत्या. मोठा आकडा किंवा मोठी मोकळीक कुठेही सुटी मिळालेली नाही. तिच्या मागे काही अटी असतात, आणि आपल्याकडच्या तुलनेत आकडा तेवढा उचलला जातो, अटी मागेच राहतात.

आता या अटी का लागतात ते पाहू. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे.

गाडी चालती असते तेव्हा रडार चांगलं काम करतो, कारण समोरच्या वस्तूचा आपल्या सापेक्ष वेग तो थेट मोजतो. पुढची गाडी, दुभाजक, झाड, प्रत्येकाचा सापेक्ष वेग वेगळा येतो आणि त्यावरून ती एकमेकांपासून निवडता येतात. गाडी थांबली की हे मोठं साधन हातचं जातं. थांबलेली गाडी, समोर उभा माणूस, खांब, रस्त्यावरचं लोखंडी झाकण, सगळ्यांचा सापेक्ष वेग शून्य. उभा माणूस या गर्दीत मिसळून जातो. त्यात माणसाच्या शरीरावरून परतणारा संकेत पत्र्याच्या गाडीवरून परतणाऱ्या संकेतापेक्षा पुष्कळ क्षीण असतो.

कॅमेऱ्याची अडचण वेगळी आहे. तो काचेच्या वरच्या भागात, आतल्या आरशामागे असतो आणि त्याच्या नजरेच्या आड बॉनेट येतं. एक साधा हिशेब करून पाहा. समजा, एका उंच एसयूव्हीत कॅमेरा जमिनीपासून 1.4 मीटरवर आहे, बॉनेटची पुढची कड 1 मीटर उंच आहे आणि कॅमेऱ्यापासून 1.6 मीटर पुढे आहे. कॅमेऱ्यापासून निघून बॉनेटच्या कडेला घासून जाणारी रेषा दर मीटरमागे पाव मीटर खाली उतरते. ती जमिनीला टेकते बॉनेटच्या कडेपासून चार मीटर पुढे. म्हणजे गाडीसमोरच्या पहिल्या चार मीटरांतली जमीन या कॅमेऱ्याला दिसतच नाही. कडेपासून एक मीटरवर ही रेषा पाऊण मीटर उंचीवर असते. त्याहून बुटकं जे काही तिथे असेल, ते अदृश्य. खाली वाकून पडलेली पिशवी उचलणारा माणूस, बसलेला कुत्रा, चालायला नुकतंच शिकलेलं मूल, सगळी त्या पट्ट्यात मावतात. उभा माणूस दिसला तरी कमरेच्या वरचाच दिसतो, आणि अर्ध्या आकृतीवरून माणूस ओळखणं संगणकाला अवघड जातं.

गाडी चालती असताना हा आंधळा पट्टा फारसा त्रास देत नाही, कारण त्या पट्ट्यात येणारी वस्तू आधी लांबून दिसलेली असते. यंत्रणा तिची नोंद ठेवते आणि ती नजरेआड झाली तरी लक्षात ठेवते. थांबल्यानंतरही काही क्षण ही आठवण खरी असते. प्रश्न सुरू होतो तो बाजूने येणाऱ्यांचा. जो लांबून कधी दिसलाच नाही, जो डावीकडून येऊन बंपरच्या कोपऱ्यापाशी उभा राहिला, त्याची नोंद कुठेच नसते. थांबा जितका लांबतो तितकी अशा कुणाच्या येण्याची शक्यता वाढत जाते. तीन सेकंदांत कुणी येणं अशक्य नाही, पण तीस सेकंदांत ते आपल्या शहरांत जवळजवळ नक्की असतं.

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या कुठल्याही भरल्या रस्त्यावरचा एक प्रसंग घेऊ. तुमची गाडी एका टेम्पोमागे साडेतीन मीटर अंतर ठेवून उभी आहे. रांग पंचवीस सेकंद हललेली नाही. एवढी मोकळी जागा आपल्याकडे मोकळी राहत नाही. डावीकडून एक मोटरसायकलवाला तिरका शिरतो. त्याचं पुढचं चाक तुमच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यासमोर, अर्ध्या मीटरवर येऊन थांबतं. रडार बंपरच्या मध्यभागी आहे आणि दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांपर्यंत बघतो, असं उदार मनाने धरू. अर्ध्या मीटर अंतरावर त्याला मध्यापासून अर्धा मीटर डावीकडचं आणि अर्धा मीटर उजवीकडचं दिसेल. गाडीची रुंदी 1.86 मीटर असेल तर मध्यापासून कोपरा 93 सेंटिमीटरवर येतो. म्हणजे प्रत्येक कोपऱ्याकडे त्रेचाळीस सेंटिमीटरची पट्टी रडारच्या नजरेबाहेर राहते, आणि चाक नेमकं तिथे आहे.

टेम्पो निघतो. यंत्रणेला तिचं लक्ष्य पुढे सरकताना दिसतं. तिला निघायची परवानगी असेल, तर गाडी हळूच, समजा दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटर या बेताने वेग घेते. अर्धा मीटर जायला तिला एक सेकंद पुरतो. त्या क्षणी वेग ताशी साडेतीन किलोमीटर आहे. माणूस चालतो त्याहून कमी. पण पावणेदोन टनांची गाडी या वेगानेही दुचाकी आडवी करते आणि तिच्याखाली पाय अडकतो. पंचवीस सेकंद निवांत बसलेला चालक मोबाइलकडे बघत असेल, तर त्या एका सेकंदात मान वर करून, काय चाललंय ते कळून, पाय ब्रेकवर जाणं शक्य नाही. परवानगी तीन सेकंदांपुरतीच असेल तर गाडी उभी राहते, सूचना दाखवते, चालक मान वर करतो आणि त्याला डाव्या कोपऱ्यावर हेल्मेट दिसतं.

हे झालं यंत्राचं समोरच्या जागेबद्दलचं अज्ञान. इथे मला दुसऱ्या अज्ञानाबद्दल बोललं पाहिजे, ते म्हणजे चालकाबद्दलचं. अनेक गाड्या चालक जागरूक आहे की नाही हे स्टीअरिंगवरून ओळखतात. चालत्या गाडीत हात स्टीअरिंगवर असले की चाकावर बारीक बारीक जोर येत राहतो, आणि संवेदक तो मोजतो. थांबलेल्या गाडीत स्टीअरिंग हलवायचं कारणच नसतं. त्यामुळे ही परीक्षा त्या काळात निरुपयोगी ठरते. डोळ्यांवर कॅमेरा नसेल तर थांबलेल्या गाडीला चालकाबद्दल कळतं ते इतकंच, की पट्टा लावलेला आहे आणि दार बंद आहे. म्हणूनच पट्टा काढला किंवा दार उघडलं की बहुतेक गाड्या क्रूझ कंट्रोल लगेच सोडून हँडब्रेक लावतात. याच्या पलीकडे, माणूस तिथे आहे आणि त्याला निघायचं आहे, एवढं सांगणारा एकच संकेत उरतो: बटण, किंवा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय. तीन सेकंदांनी गाडी हाच संकेत मागते.

तिसरं अज्ञान सिग्नलचं. बाजारातल्या बहुतेक अशा यंत्रणा सिग्नलचा रंग बघून वागत नाहीत. त्या पुढच्या गाडीला बघून वागतात. चौकात सिग्नल लाल असताना पुढचा रिक्षावाला डावीकडच्या मोकळ्या वळणाने निघून गेला, किंवा सरळ सिग्नल तोडून गेला, तर यंत्रणेच्या दृष्टीने लक्ष्य हललं एवढंच घडलं. शहरात मिनिटभराची परवानगी म्हणजे चौकाचौकात पुढच्या माणसाच्या नियमपालनावर आपली गाडी सोपवणं. आणि गंमत नाही, गांभीर्यानेच सांगतो: ज्या सिग्नलांवर तक्रार करणारे सर्वाधिक वैतागतात, तिथे साठ सेकंदही पुरत नाहीत. मुंबई-पुण्याच्या मोठ्या चौकांतले लाल दिवे सहज मिनिटापलीकडे जातात. म्हणजे सर्वोत्तम मानलेला आकडा आणला तरी तिथे बटण दाबावंच लागेल. वाढेल तो फक्त लहान थांब्यांवरचा धोका.

मग साठ आणि तीस हे आकडे कुठून आले? ते महामार्गावरच्या कोंडीच्या रचनेतून आले असावेत, असं मला तिच्या गणितावरून वाटतं, आणि इथे मी आक्षेपकांना अर्धा मुद्दा खुल्या मनाने देतो. 2008 मध्ये जपानमध्ये यूकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या समान वेगाने चालवायला सांगितल्या. रस्त्यात अडथळा कुठलाच नव्हता, तरीही थोड्या वेळाने काही गाड्या थांबू लागल्या आणि थांबलेल्यांचा हा घोळका वाहतुकीच्या उलट दिशेला, ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने सरकत राहिला. खऱ्या महामार्गावरच्या कोंडीच्या लाटाही जवळपास याच वेगाने मागे सरकतात.

या एका आकड्यावरून थांबा किती लांबेल ते काढता येतं. ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. थांबलेल्या रांगेत एका गाडीने व्यापलेली जागा, पुढचं अंतर धरून, साडेसात मीटर घेतली तर ‘सुटलो’ ही लाट एका गाडीवरून मागच्या गाडीवर यायला सुमारे 1.4 सेकंद लागतात. तुमच्या पुढे घोळक्यात दोन गाड्या थांबलेल्या असतील तर तुम्ही तीन सेकंदांच्या आत सुटाल. वीस गाड्या असतील तर थांबा अठ्ठावीस सेकंदांचा होईल. चाळीस असतील तर जवळजवळ मिनिटभराचा.

म्हणजे महामार्गावर तीन सेकंद म्हणजे दोन गाड्यांचा घोळका. खऱ्या कोंडीत तो क्वचितच इतका छोटा असतो, म्हणून तिथे दर थांब्याला बटण दाबावं लागतं, ही तक्रार खरी आहे. तीस सेकंदांत वीसएक गाड्यांची लाट मावते, आणि महामार्गावरच्या बऱ्याच लाटा तेवढ्यात आटोपतात. ज्या रस्त्यावर पादचारी आणि दुचाकी नाहीत, तिथे तीस मागणं योग्य आहे. माझा वाद तिसाशी नाही. तीस हा आकडा रस्त्यावरून सोडवून गाडीला चिकटवण्याशी आहे.

आता आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. नियमाने तिथे दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे, सिग्नल नाहीत, दोन्ही दिशा अलग आहेत. कागदावर हा तीस सेकंद देण्याजोगा रस्ता आहे, आणि खालापूर टोलच्या आधीच्या सपाट भागात मी ते मान्यही करीन. पण बोरघाटात शनिवारी सकाळी रांग लागली की कागद आणि रस्ता वेगळे होतात. लोक गाडीतून उतरून पाय मोकळे करतात, पुढे काय झालंय ते बघायला रांगेतून चालत जातात. शिवाय चढ. पुढे माल भरलेला ट्रक असेल तर निघताना तो आधी थोडा मागे येतो. यंत्रणा अंतर कमी होताना बघून गाडी धरून ठेवेल. तिला मागे घेता मात्र येत नाही, आणि मागे कुणीतरी बंपरला बंपर लावून उभा असतो. ट्रकच्या मागून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या असतील तर रडार बहुधा ट्रकचा मागचा धातूचा भाग किंवा धुरा पकडतो आणि अंतर तिथपासून मोजतो. बहुतेक माहितीपुस्तिकांत अशा मालाबद्दल स्पष्ट इशारा असतो. अशा ट्रकमागे आपोआप थांबणंच बेभरवशाचं, तिथे आपोआप निघण्याची मुदत वाढवून काय मिळणार?

राहिला तिसरा मुद्दा: बटणच दाबायचं तर सोय कसली? ही सोय मुळात ब्रेकच्या पायाची आहे. कोंडीत माणूस थकतो तो निघताना नाही, सतत ब्रेक दाबून-सोडून, अंतर मोजून थकतो. ते सगळं काम यंत्रणा करते. निघण्याचा निर्णय तेवढा अंगठ्याच्या एका हालचालीवर उरतो. सगळ्या कामात धोक्याचा क्षण हाच आहे आणि तोच माणसाकडे ठेवलेला आहे. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

पण तीन सेकंदांची बाजू मांडताना तिची खरी उणीव झाकणं बरोबर नाही. बटण दाबल्याने माणूस हजर आहे एवढं सिद्ध होतं. त्याने समोर पाहिलं हे सिद्ध होत नाही. तासभर कोंडीत बसलेल्याचा अंगठा हळूहळू आपोआप चालू लागतो. पुढच्या गाडीचे लाल दिवे विझले, मागून हॉर्न आला, अंगठा दाबला. डोळे अजून मोबाइलवरच. पुढची गाडी निघाल्याचं ‘टिंग’ वाजवून सांगणारी सूचना या सवयीला खतपाणीच घालते, कारण चालक समोर बघण्याऐवजी त्या आवाजाची वाट बघू लागतो. इथे डोळ्यांवरचा कॅमेरा बटणापेक्षा चांगला पुरावा देतो, हे मी मान्य करतो. मात्र तो पुरावा चालकाबद्दलचा आहे. बंपरच्या कोपऱ्यापाशी कोण उभं आहे हे तो कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी कोपऱ्यातले रडार किंवा बंपरमधले पार्किंगचे संवेदक या कामात जोडलेले हवेत. आणि कुठल्या रस्त्यावर आहोत हे नकाशानेच सांगायचं. तीन अज्ञानांवर तीन वेगळे उपाय आहेत. एक उपाय बसवून तिन्हींचे सेकंद वाढवणं हा आडाखा चुकीचा.

म्हणून शोरूममध्ये ‘किती सेकंद?’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: निघण्यापूर्वी ही गाडी जवळचे संवेदक तपासते का? चालकाकडे बघणारा कॅमेरा आहे का, आणि तो या निर्णयात सामील आहे, की फक्त झोप आली तर कॉफीचं चित्र दाखवतो? नकाशानुसार मुदत बदलते का? विक्रेत्याला सांगता आलं नाही तर माहितीपुस्तिका मागून क्रूझ कंट्रोलचं प्रकरण तिथेच उभं राहून वाचा. कोणत्या अटीत आपोआप निघते, किती वेळाने रद्द होते आणि काय दिसत नाही, हे त्यात सहसा स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण जबाबदारी चालकाची आहे हे कंपनीला नोंदवून ठेवायचं असतं.

आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मला सेकंदांच्या वादापेक्षा महत्त्वाची वाटते. महामार्गावर ठेवलेला वेग, समजा ऐंशी, कोंडीत शिरल्यावरही यंत्रणेच्या स्मरणात तसाच असतो. पुढची गाडी समोर आहे तोवर तो दिसून येत नाही, कारण यंत्रणा तिच्या मागे मागे चालते. पण तुम्ही थांबलेले असताना पुढची गाडी डावीकडे वळून गेली आणि तुम्ही सवयीने बटण दाबलंत, की समोर लक्ष्य नाही. मग गाडी ऐंशीच्या दिशेने वेग घेऊ लागते, चौकात, शाळेसमोर, कुठेही. डॅशबोर्डवरचं पुढच्या गाडीचं छोटं चित्र दिसेनासं झालेलं असेल तर हीच स्थिती आहे असं समजा आणि बटणाला हात लावू नका. पाय ब्रेकवर घ्या. महामार्ग सोडून गावात शिरताना ठेवलेला वेग आधी तीस-चाळीसवर आणा, किंवा क्रूझ बंदच करा. आणि निघताना अंगठा दाबण्याआधी नजर एकदा बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून फिरवा, विशेषतः डाव्या. आपल्याकडे दुचाकी बहुधा तिथूनच शिरते.